एचडीआर गेमिंग : कार्ड बदलायचं, केबल बदलायची की मॉनिटर?

आमच्या मजल्यावर गेल्या सेमिस्टरला एक प्रकरण घडलं. माझा रूम पार्टनर बंड्या याने इंटर्नशिपचे पैसे साठवून सत्तावीस इंची नवा मॉनिटर आणला. २५६० × १४४० रेझोल्यूशन, १४४ हर्ट्झ आणि खोक्यावर चकचकीत अक्षरांत ‘एचडीआर १०’. रात्री मेसचं जेवण उरकून आम्ही सगळे त्याच्या टेबलाभोवती जमलो. बंड्याने विंडोजमध्ये एचडीआर चालू केलं आणि स्क्रीन एकदम पांढुरकी झाली. पांढऱ्या सदऱ्यावर धुळीचं पाणी उडावं तशी. गेम चालू केला तर तिथेही काळोख राखाडी आणि सूर्य फिका.

लगेच दरबार भरला. वरच्या मजल्यावरचे एक दादा म्हणाले, “तुझं कार्ड जुनं आहे रे, त्याला एचडीआर झेपत नाही.” दुसऱ्याने निदान केलं, “केबल साधी आहे, एचडीआरची वेगळी केबल मिळते.” बंड्याकडे जीटीएक्स १६६० सुपर हे २०१९ सालचं कार्ड होतं आणि खात्यात बत्तीस हजार शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी जाऊन कार्ड आणायचं असं त्याने ठरवलंच होतं. मी म्हटलं, “बंड्या, दोन दिवस थांब. आपण इंजिनियरिंगला आहोत ना? आधी मोजून बघू, मग पैसे घालू.”

त्या दोन दिवसांत जे कळलं ते इथे लिहितो आहे. कारण हाच प्रश्न त्यानंतर मला निदान सहा जणांनी विचारला, त्यात आमच्या विभागातले एक सरही होते.

आधी एचडीआर म्हणजे नक्की काय ते बघू

पडद्याचा उजेड ‘निट’ या एककात मोजतात. एका चौरस मीटरमागे एक कँडेला म्हणजे एक निट. आपले नेहमीचे मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसला साधारण २५० ते ३५० निट देतात.

जुन्या पद्धतीत, म्हणजे एसडीआरमध्ये, कार्ड मॉनिटरला ० ते २५५ असे आकडे पाठवतं. २५५ म्हणजे किती निट हे कुठेच ठरलेलं नसतं. २५५ चा अर्थ एवढाच, की ‘बाबा, तुला जमेल तेवढं उजळ दाखव’. मॉनिटर २०० निटचा असेल तर २०० आणि ३५० चा असेल तर ३५०. त्यामुळे खिडकीत ठेवलेला पांढरा कागद आणि त्यामागचा सूर्य हे दोघेही २५५ पाशी जाऊन अडकतात.

एचडीआर १० मध्ये पद्धतच बदलली. तिथे वापरला जाणारा वक्र २०१४ साली प्रमाणित झाला. त्यात प्रत्येक आकड्याला ठरावीक निट नेमून दिलेले आहेत, थेट १०,००० निटपर्यंत. म्हणजे गेम आता सांगतो, की कागद २०० निट, दिवा ८०० निट, तलवारीवरची तिरीप १००० निट. एवढा मोठा पल्ला २५६ पायऱ्यांत बसवला तर आकाशात पट्टे दिसतात, म्हणून प्रत्येक रंगाला ८ ऐवजी १० बिट देतात. पायऱ्या होतात १०२४. शिवाय जास्त गडद लाल-हिरवे रंग सांगता यावेत म्हणून रंगांची मोजपट्टीही मोठी घेतली आहे.

एवढंच लक्षात ठेवा : एसडीआर म्हणतं ‘जमेल तेवढं’, एचडीआर म्हणतं ‘इतके निट’. पुढचा सगळा घोळ या एका वाक्यातून सुटतो.

मग कार्डावर जादा ताण येतो का?

बंड्याच्या दादांचं म्हणणं ऐकायला पटतं. जास्त बिट, जास्त रंग, जास्त उजेड, म्हणजे काम जास्त! पण गेमचं चित्र तयार कसं होतं हे पाहिलं की हा समज गळून पडतो.

आजचे गेम आतल्या आत चित्र मोठ्या पल्ल्यातच रंगवतात. सूर्य, दिवे, सावल्या यांचा हिशोब १६ बिटच्या फ्लोटिंग पॉइंट आकड्यांत होतो. ही गोष्ट नवीन नाही. २००५ साली वाल्व्ह कंपनीने ‘हाफ-लाइफ २ : लॉस्ट कोस्ट’ नावाचा छोटा भाग केवळ हे तंत्र दाखवण्यासाठी काढला होता. तेव्हा त्यालाही एचडीआरच म्हणायचे, पण ते चित्राच्या आतलं एचडीआर होतं. पडदे साधेच असल्यामुळे शेवटच्या पायरीवर तो सगळा मोठा पल्ला दाबून ० ते २५५ मध्ये कोंबावा लागायचा. या दाबण्याला टोन मॅपिंग म्हणतात.

एचडीआर पडद्यावर खेळताना बदलते ती फक्त ही शेवटची पायरी. कमी दाबायचं आणि वेगळ्या वक्राने आकडे लिहायचे. त्रिकोण तेवढेच, सावल्या तेवढ्याच, टेक्स्चर तेवढीच. आणि मेमरीचं म्हणाल तर गंमत बघा. साध्या चित्रात एका पिक्सेलला ८ बिटचे चार भाग असतात : लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता. एकूण ३२ बिट. एचडीआर १० च्या चित्रात १० बिटचे तीन रंग आणि पारदर्शकतेला २ बिट. पुन्हा एकूण ३२ च! काही गेम शेवटचं चित्रही १६ बिट फ्लोटमध्येच पुढे पाठवतात. तिथे पिक्सेलमागे ६४ बिट लागतात आणि थोडा भार वाढतो, पण तोही नवं कार्ड घ्यायला लावण्याइतका नाही.

आम्ही हे करून बघितलं. ‘शॅडो ऑफ द टूम्ब रेडर’ या गेममध्ये स्वतःची चाचणी आहे, तीच तीच दृश्यं ठरलेल्या क्रमाने चालवते आणि शेवटी फ्रेमची सरासरी सांगते. तीनदा एचडीआर बंद ठेवून चालवली, तीनदा चालू ठेवून. फरक आला एक-दोन फ्रेमचा. तेवढा तर एकच चाचणी लागोपाठ दोनदा चालवली तरी येत होता.

मग हा समज आला कुठून? एक म्हणजे २०१८ च्या सुमारास काही कार्डांवर काही गेममध्ये एचडीआर चालू केलं की खरंच वेग घटायचा. त्या वेळच्या चाचण्यांत तसं दिसलंही होतं. पण ती त्या कार्डाची, ड्रायव्हरची आणि गेमची अडचण होती, एचडीआरचा नियम नव्हे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. लोक एचडीआर बहुतेकदा नव्या फोर-के टीव्हीबरोबर पहिल्यांदा बघतात. पिक्सेल वाढल्यामुळे गेम रखडतो आणि बिल फाटतं एचडीआरच्या नावाने. याचा पुरावा पुढे येतोच.

कार्डाकडून एक गोष्ट मात्र लागतेच, आणि ती म्हणजे एचडीआर सिग्नल बाहेर काढणारं पोर्ट. एनव्हिडियाची जीटीएक्स १० मालिका आणि एएमडीची आरएक्स ४०० मालिका, दोन्ही २०१६ च्या. तिथपासून पुढच्या कार्डांत ही सोय आहे. म्हणजे बंड्याच्या कार्डाला ‘झेपत नाही’ म्हणणं चूक होतं.

केबलचा हिशोब

आता दुसऱ्या निदानाकडे वळू. ‘एचडीआरची केबल’ अशी वेगळी वस्तू नसते. केबल म्हणजे तारा. तिला एचडीआर कळत नाही, तिला कळतं ते फक्त सेकंदाला किती बिट जायचे आहेत. म्हणून प्रश्न असा विचारायचा, की माझ्या चित्राचे बिट या वाटेने मावतात का?

बंड्याने मॉनिटर एचडीएमआय २.० ने जोडला होता. या पोर्टची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट. पण त्यात दर १० बिटमागे २ बिट सांकेतिक लिखाणात जातात, म्हणून खऱ्या माहितीसाठी १४.४ गिगाबिट उरतात.

आता चित्र : २५६० × १४४० × १४४ म्हणजे सेकंदाला सुमारे ५३ कोटी पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला ८ बिटचे तीन रंग, म्हणजे २४ बिट धरले तर होतात १२.७ गिगाबिट. दोन ओळींच्या आणि दोन फ्रेमच्या मधल्या मोकळ्या जागेचा वेळ त्यात मिळवावा लागतो, तो धरून साधारण १४.३. म्हणजे गाडी मावली, पण आरसे दुमडून! आता १० बिट धरा. पिक्सेलमागे ३० बिट, म्हणजे मोकळी जागा न धरताच १५.९ गिगाबिट. वाट १४.४ ची. मावणारच नाही.

मग कार्ड काय करतं? ते कुरकुरत नाही, गुपचूप तडजोड करतं. विंडोज ११ मध्ये `Settings > System > Display > Advanced display` इथे गेलो तेव्हा `Bit depth` पुढे लिहिलेलं सापडलं : `8-bit with dithering`. म्हणजे १० बिटचं चित्र ८ बिटमध्ये उतरवलं होतं आणि मधल्या छटा शेजारच्या पिक्सेलमध्ये बारीक ठिपके मिसळून भासवल्या होत्या. टीव्हीवर दुसरी एक तडजोड दिसते. तिथे उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची पूर्ण जाते, पण रंगाची माहिती दोन पिक्सेलमध्ये वाटून देतात. चित्रपटात ते कळत नाही, पण रंगीत पार्श्वभूमीवरची बारीक अक्षरं कडेला पुसट दिसू लागतात.

उपाय सोपा होता. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट १.४ होतं, कार्डालाही होतं. या वाटेची खरी क्षमता जवळजवळ २६ गिगाबिट. आपली गरज मोकळी जागा धरून १८ च्या आत. लॅबच्या काकांकडून एक दिवसासाठी डिस्प्लेपोर्टची केबल मागून आणली. (नंतर कळलं की मॉनिटरच्या खोक्यात तशी एक केबल होतीच, बंड्याने थर्मोकोलबरोबर ती माळ्यावर टाकली होती!) केबल बदलली आणि `Bit depth` पुढे `10-bit` आलं. एचडीएमआयवरच राहून रिफ्रेश १०० हर्ट्झवर आणला असता तरी १० बिट मावले असते.

केबल खरंच खराब असेल तर ते कसं ओळखायचं तेही सांगतो. डिजिटल सिग्नलमध्ये केबल कमी पडली की रंग फिके होत नाहीत. पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र दोन सेकंद जाऊन परत येतं, किंवा ठरावीक रेझोल्यूशनचा पर्यायच यादीतून गायब होतो. चित्र स्थिर आहे पण फिकट आहे, तर केबलला दोष देऊ नका. एचडीएमआयची केबल विकत घेताना ‘एचडीआर’ हा शब्द न शोधता वेगाची पाटी बघा : १८ गिगाबिटला ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४८ गिगाबिटला ‘अल्ट्रा हाय स्पीड’. आणि मध्ये स्वस्तातला कन्व्हर्टर लावला असेल तर दोन्ही बाजू कितीही चांगल्या असोत, वाट त्या कन्व्हर्टरएवढीच रुंद.

तर १० बिट मिळाले. सगळे श्वास रोखून बसलो. बंड्याने गेम चालू केला.

चित्र तसंच फिकं!

खरा गुन्हेगार

आता ते पहिलं वाक्य आठवा. एसडीआर म्हणतं ‘जमेल तेवढं’, एचडीआर म्हणतं ‘इतके निट’.

बंड्याच्या मॉनिटरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दोन आकडे होते : कमाल उजेड ३०० निट आणि कॉन्ट्रास्ट १०००:१. दुसऱ्या आकड्याचा अर्थ असा, की पांढरा ३०० निट असताना काळा ०.३ निटच्या खाली जात नाही. कारण एलसीडीत मागचा दिवा सगळ्या पडद्याला एकच असतो आणि काळा पिक्सेल म्हणजे त्या दिव्यापुढे ओढलेला पडदा. पडद्यातून थोडा उजेड पाझरतोच. दिवे घालवून मॉनिटरवर काळं चित्र लावा, खोलीत उजेड दिसेल.

आता गेम म्हणतो, दिवा ८०० निट, सूर्य १००० निट. मॉनिटर ३०० लाच संपतो. मग तो एकतर ३०० च्या वरचं सगळं सपाट पांढरं करतो, म्हणजे ढग जळाल्यासारखे दिसतात, नाहीतर सगळं चित्र खाली दाबतो, म्हणजे दिवसा संध्याकाळ होते. गंमत म्हणजे विंडोजचा साधा डेस्कटॉपही एचडीआरमध्ये ठरावीक निटने दाखवला जातो. जो पांढरा कागद एसडीआरमध्ये पूर्ण ३०० निटने दिसत होता तो आता त्याहून मंद दिसतो, कारण वरची जागा सूर्यासाठी राखून ठेवलेली असते. ती जागा या पडद्यात भरायला काही नाही, ही गोष्ट वेगळी. काळा मात्र ०.३ वरच, कारण एचडीआर चालू होताच बऱ्याच मॉनिटरमध्ये मागचा दिवा पूर्ण पेटतो. पांढरं मंद झालं, काळं उजळ राहिलं, म्हणजेच धुळीचं पाणी उडालेला सदरा.

म्हणजे खोक्यावरचं ‘एचडीआर १०’ खोटं नव्हतं. त्याचा अर्थ एवढाच, की हा मॉनिटर एचडीआरचा सिग्नल स्वीकारतो. पत्र वाचता येतं, पण त्यात मागितलेले पैसे खिशात आहेत का हा प्रश्न वेगळा!

खिशात काय आहे हे सांगणारी पाटी वेगळी असते. व्हेसा या संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये ‘डिस्प्लेएचडीआर’ नावाच्या पायऱ्या ठरवल्या : ४००, ६००, १००० वगैरे. आकडा म्हणजे क्षणभर गाठायचा कमाल उजेड, निटमध्ये. यात ४०० ची पायरी सगळ्यात फसवी. २०२४ मध्ये तिचे नियम कडक झाले, तरी मागचा दिवा भागाभागाने मंद करण्याची सोय तिथे बंधनकारक नाही. ६०० च्या पायरीला काळा ०.१ निटपर्यंत खाली यावा लागतो. ६०० भागिले ०.१ म्हणजे ६०००:१. साध्या एलसीडीला हे जमत नाही, म्हणून मागचा दिवा तुकड्यातुकड्यांत विभागून अंधाऱ्या भागाचे तुकडे मंद करावे लागतात. याला लोकल डिमिंग म्हणतात. तुकडे शेकड्यांत असतील तर चित्राला खरी धार येते. ते आठ-दहाच असतील तर काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती उजेडाचा उभा पट्टा दिसतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो, त्यामुळे तिथे ‘ट्रू ब्लॅक’ अशी वेगळी पाटी आहे. तिथे ४०० निटही भारी दिसतात, कारण शेजारचा काळा खरोखरचा काळा असतो.

शेवटचा प्रयोग

बंड्याला पटेना. “कार्डच कमी पडतंय, तू काहीही सिद्ध करतोस,” असं त्याचं पालुपद चालू होतं. मग रविवारी आम्ही कॅबिनेट रजईत गुंडाळून स्कूटरवर घातलं आणि वर्गातल्या एका डे-स्कॉलर मित्राच्या घरी गेलो. त्यांच्याकडे फोर-के ओएलईडी टीव्ही आहे. काकूंनी पोहे केले आणि “टीव्हीला काही करू नका रे” एवढीच अट घातली.

टीव्हीला डिस्प्लेपोर्ट नसतं, म्हणून एचडीएमआयच लावली. आधी तर विंडोजमध्ये एचडीआरचा पर्यायच दिसेना. बऱ्याच टीव्हींमध्ये प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी पूर्ण रुंदीची वाट आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन उघडावी लागते. ती उघडली आणि पर्याय आला. फोर-के, ६० हर्ट्झ, १० बिट यांचा हिशोब मोकळी जागा न धरताही १४.९ गिगाबिट होतो, म्हणून इथे पुन्हा `8-bit with dithering` च होतं.

आणि तरीही गेममध्ये गुहेतून बाहेर पडताना जो सूर्य दिसला, त्याने बंड्याने चक्क डोळे बारीक केले. मशालीची ज्योत खरी वाटत होती, तिच्या मागची भिंत काळीकुट्ट. तेच कार्ड, तीच केबल, बिट उलट कमी, आणि चित्र जमीन-अस्मानाचं. बदललेली वस्तू एकच : पडदा.

पण गेम रखडत होता. फ्रेम हॉस्टेलच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. बंड्या ओरडला, “बघ! एचडीआर झेपत नाही!” मी एचडीआर बंद केलं. फ्रेम तेवढ्याच राहिल्या. मग एचडीआर पुन्हा चालू करून गेमचं रेझोल्यूशन फोर-के वरून १४४० वर आणलं. फ्रेम हॉस्टेलइतक्या झाल्या आणि सूर्य तसाच तळपत राहिला. फोर-के मध्ये १४४० च्या सव्वादोनपट पिक्सेल असतात, कार्ड त्यांनी दमत होतं. त्या दिवशी बंड्याचा वाद मिटला.

तुमच्याकडे काय आहे, कसं तपासाल?

रन खिडकीत ही आज्ञा द्या, `Save All Information` दाबून फाइल साठवा आणि त्यात `HDR` शब्द शोधा :

```
dxdiag
```

मॉनिटर सिग्नल स्वीकारतो की नाही हे तिथे `Monitor Capabilities` पुढे कळेल. मग `Advanced display` मध्ये `Bit depth` बघा, म्हणजे वाट पुरते की नाही ते कळेल. तिसरी गोष्ट संगणक सांगत नाही, ती माहितीपत्रकात शोधायची : कमाल निट किती आणि लोकल डिमिंग आहे का, असेल तर तुकडे किती. एचडीआर झटपट चालू-बंद करून तुलना करायला `Win + Alt + B` दाबा. डेस्कटॉप मंद वाटत असेल तर `SDR content brightness` ची पट्टी सरकवा. पडदा चांगला असूनही ढग जळके दिसत असतील तर गेमच्या सेटिंगमधला कमाल उजेड तुमच्या पडद्याच्या निटपेक्षा जास्त ठेवलेला असतो. तो खाली आणा.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. एचडीआरसाठी तगडं कार्ड लागत नाही. २०१६ नंतरचं कार्ड असेल तर ते पुरतं. पडदा मात्र तसा लागतो आणि खर्च तिथेच आहे. केबल लागते ती हिशोबात बसणारी, आणि बहुतेक वेळा ती खोक्यातच असते. कार्ड खरोखर अडवतं ते एकाच ठिकाणी : टीव्हीवर फोर-के, १२० हर्ट्झ आणि १० बिट हे तिन्ही एकदम हवे असतील तर एचडीएमआय २.१ लागतं. ते २०२० पासूनच्या कार्डांत, म्हणजे आरटीएक्स ३० आणि आरएक्स ६००० मालिकांपासून पुढे आलं. आणि एवढे पिक्सेल एवढ्या वेगाने रंगवायला जोरही तेवढाच लागतो. पण ती किंमत फोर-के ची आणि १२० ची.

बंड्याचं काय झालं? त्याने कार्ड घेतलं नाही. त्या मॉनिटरवर एचडीआर कायमचं बंद करून टाकलं. साध्या एसडीआरमध्ये डिस्प्लेपोर्टवर १४४ हर्ट्झने तो मॉनिटर झकास चालतो, त्याचा गुण तोच होता. बत्तीस हजार बँकेत पडून आहेत, नोकरी लागली की थोडी भर घालून ओएलईडी घ्यायचा असं ठरलंय. तोवर दर दोन-तीन रविवारी कॅबिनेट रजईत गुंडाळून आम्ही स्कूटर काढतो. काकूंनी आता आणखी एक अट घातली आहे : येताना कांदे घेऊन यायचे.